करंडी नागपूरला निघाली

आमच्या घरात मांजर पाळायची पद्धत नव्हती. आईच्या हिशेबी मांजर म्हणजे सोवळ्यात लुडबुड करणारा, दुधावर डोळा ठेवणारा आणि चुलीच्या उबेला येऊन बसणारा ऐदी प्राणी. तरीही माऊ घरात राहिली, कारण ताईपुढे कुणाचं काही चालत नसे. कल्याणच्या रेल्वे यार्डात, शंटिंगच्या इंजिनाखालून ताईने ते राखी पट्ट्यांचं पिल्लू उचलून आणलं होतं. तेव्हापासून इंजिनाची शिटी वाजली की माऊ कोठीच्या खोलीत पोत्यांमागे जाऊन बसायची आणि तासभर बाहेर यायची नाही. रेल्वेच्या चाळीत राहणाऱ्या मांजराने शिटीला भ्यावं, म्हणजे कोळ्याच्या पोराने पाण्याला भिण्यातलाच प्रकार.

ताईचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. भाऊजी तिथे शाळेत शिकवायचे. वर्षभराने पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि आल्या आल्या तिने जाहीर केलं, की परत जाताना बाळ आणि माऊ अशी दोघंही बरोबर न्यायची.

"अगं, शिटी ऐकून जीव सोडेल ते," आई म्हणाली. "नागपूर काय शेजारच्या आळीत आहे?"

"शिकवीन मी तिला," ताई म्हणाली. "बाळंतपणालाच अजून अडीच महिने आहेत."

वडील पार्सल ऑफिसात होते. त्यांनी चष्म्यावरून बघत नियम सांगितला, की मांजर डब्यात घेऊन बसता येणार नाही, झाकणाच्या टोपलीत घालून, पावती करून गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये द्यावं लागेल. म्हणजे एवढा मोठा प्रवास माऊला एकटीने करायचा होता. ते ऐकून ताई मला म्हणाली, "चल, बुरुडाकडे जाऊन ये. करंडी आण. झाकण वरून उघडणारी हवी, आणि आत हवा खेळली पाहिजे."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. मांजर धरायचं, करंडीत कोंबायचं, झाकण बांधायचं, त्यात शिकवायचं काय? हे मी बोलूनही दाखवलं. ताईने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिने करंडीचं झाकण काढूनच ठेवलं आणि करंडी नुसती आपल्या अंथरुणाशेजारी मांडली. आत स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. तो तुकडा आधी चार रात्री तिने उशाखाली घेतला होता. माऊ पहिले काही दिवस करंडीला लांबून वळसा घालून जायची. ताई ढुंकून बघायची नाही. मग दूधभाताची वाटी करंडीशेजारी, मग करंडीच्या काठाशी, मग आत. एक दिवस माऊ आत गेली, भात खाल्ला आणि तिथेच अंगाचं मुटकुळं करून झोपली. पोटाचा भार सांभाळत ताई शेजारी बसून होती, तिने मला खुणेने बोलावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो.

पुढे झाकण आलं. आधी क्षणभर ठेवायचं आणि उचलायचं. माऊ अस्वस्थ झाली तर मागच्या पायरीवर परत यायचं. मग करंडी उचलायची, पण पोटुशीने ओझं उचलायचं नाही म्हणून हमाल मी. आधी खोलीभर, मग व्हरांड्यात, मग यार्डाच्या कुंपणापासून लांब, मग थोडं जवळ. शिटी वाजली की करंडी खाली ठेवायची, वरून पंचा पांघरायचा आणि काही बोलायचं नाही. परत आलं की बक्षीस म्हणून चिमूटभर सुका जवळा, जो शेजारच्या काकूंनी डब्यात घालून गुपचूप दिला होता. आमच्या घरात जवळा! आईला कळतं तर ताईआधी मला घराबाहेर काढलं असतं.

शेवटी ताईने मला करंडी घेऊन चार स्टेशनं पलीकडे खडवलीला पाठवलं. दुपारची गाडी, डबा जवळजवळ रिकामा. मी पंचा पांघरलेली करंडी मांडीवर घेऊन बसलो. एका म्हातारबाबांनी विचारलं, "काय, आंबे का?" मी हो म्हटलं. तेवढ्यात आंबे म्याऊ म्हणाले. म्हातारबाबा खिडकीबाहेर बघत पोट धरून हसत राहिले. परत आल्यावर ताईने माझी उलटतपासणी घेतली: लाळ गाळली का? धापा टाकल्या का? तोंड कुठे होतं?

"लुगड्यात खुपसून बसलेली," मी म्हणालो.

"मग झालं," ताई म्हणाली. "माझा वास असला की ती येईल कुठेही. जायच्या दिवशी पाच-सहा तास आधीपासून खायला द्यायचं नाही, पाणी द्यायचं. आणि काही झालं तरी फलाटावर झाकण उघडायचं नाही. एकदा पळाली की गेली."

बाळंतपणात ताईच गेली. बाळही राहिलं नाही. यापलीकडे मला त्याबद्दल आजही लिहिता येत नाही.

भाऊजी आले. दिवस त्यांनी आमच्याकडेच केले. सांगितलं की जेवत आणि सांगितलं की उठत. सुतक फिटल्यावर आईने पदर खोचला आणि घर धुवायला काढलं. भिंती, भांडी, बाज, जे टाकायचं ते टाकलं, जे द्यायचं ते देऊन टाकलं, उरलेलं धुण्याच्या सोड्यात उकळलं. बाळंतिणीच्या खोलीतलं काही तसंच ठेवायची रीत नव्हती, आणि आईला थांबायचंही नव्हतं. थांबली असती तर ती कोसळली असती. त्या सपाट्यात करंडीतला लुगड्याचा तुकडाही गेला. पांढराशुभ्र होऊन, उन्हात कडक वाळून, घडी होऊन तो परत करंडीत आला.

जायच्या दोन दिवस आधी भाऊजी आईसमोर उभे राहिले. "माऊला मी नेऊ का?" त्यांनी विचारलं. "तिने पत्रातून सांगितलं होतं. मी खिडकीला जाळी लावून ठेवलीय. परत गेल्यावर घरात तेवढं तरी..."

"न्या," आई म्हणाली. "तिचंच होतं ते."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. दूधभात करंडीत ठेवला. माऊ आली, काठावरून आत डोकावली, वास घेतला आणि पाय झाडत मागे सरली. मी भात बदलला, जवळासुद्धा घातला. ती जवळ येईना. तुकडा काढून टाकला तरी नाही. ताईची बाज जिथे होती त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसायची आणि मधूनच घोगऱ्या आवाजात ओरडायची. दुसऱ्या दिवशी मी चिडलो आणि तिला धरून आत घालायला गेलो. तिने माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला आणि पोत्यांमागे पळाली.

"पोत्यात घाला," वडील हताश होऊन म्हणाले. "नेतात लोक तसं."

"नको," भाऊजी म्हणाले. "पोत्यात घालून लोक मांजर सोडायला नेतात. तिने अडीच महिने मेहनत केली ती काय यासाठी? राहू दे माऊला इथेच. मी जातो तसाच." आणि ते आपली वळकटी बांधायला लागले. तेव्हा ते पहिल्यांदा रडले, वळकटीचा पट्टा हातात धरून, आवाज न करता.

आई दारात उभी होती. तिने करंडीशेजारी पडलेला तो पांढरा तुकडा उचलला, नाकाशी धरला. "सोड्याचा वास येतोय," ती म्हणाली. "मीच धुतला." मग ती देवघरात गेली.

देवघरात आईची सोवळ्याची पेटी होती. तिला हात लावायची आम्हा कुणाला मुभा नव्हती, वडिलांनासुद्धा. आईने ती उघडली, रेशमी मुकट्याच्या घडीखाली हात घातला आणि एक चोळी बाहेर काढली. ताईची. चुरगळलेली, काखेत घामाचे डाग असलेली, न धुतलेली. ताईने शेवटच्या दिवसांत घातलेली. जिने सगळं घर सोड्यात उकळलं त्या माझ्या आईने ती तिथे लपवली होती, जिथे कुणी हात लावणार नाही तिथे. रोज पूजेच्या आधी देवघराचं दार ओढून ती आत काय करायची ते मला तेव्हा कळलं.

आईने चोळी एकदा तोंडावर दाबून धरली. मग करंडीत अंथरली आणि बाजूला झाली.

"आई, तुमच्यासाठी काही उरणार नाही," भाऊजी म्हणाले.

"मला घर आहे, माणसं आहेत," आई म्हणाली. "तुम्ही एकटे जाताय."

माऊ बऱ्याच वेळाने आली. करंडीच्या काठाशी थबकली. मग आत उतरली, चोळी पुढच्या पायांनी तुडवत राहिली आणि तोंड तिच्या बाहीत खुपसून बसली. मी हळूच झाकण ठेवलं.

मी भाऊजींबरोबर नागपूरपर्यंत गेलो. वडिलांनी पावती स्वतः केली आणि गार्डाला दोनदा सांगितलं, की करंडीवर दुसरं पार्सल ठेवू नका. इगतपुरीला विजेचं इंजिन सुटून वाफेचं लागलं, तेवढ्यात मी मागे गार्डाच्या डब्याकडे धावलो. शिटी इतकी जोरात झाली की मीच दचकलो. पंचा बाजूला करून बांबूच्या फटीतून पाहिलं. माऊ थरथरत होती, पण ओरडत नव्हती. तिचं नाक बाहीत होतं. मी कापूस पाण्यात बुडवून फटीतून आत धरला, तो तिने चाटला. झाकण उघडलं नाही. पंचा पुन्हा घातला आणि काहीही न बोलता तिथे उभा राहिलो, ताईने शिकवलं होतं तसा. भाऊजीही येऊन उभे राहिले.

नागपूरच्या त्या दोन खोल्यांत भाऊजींनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मगच झाकण काढलं. माऊ दिवसभर करंडीतच राहिली. संध्याकाळी बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेने दोन्ही खोल्या हुंगल्या आणि पाणी प्यायली. चौथ्या दिवशी भाऊजी आरामखुर्चीत बसले असताना ती त्यांच्या मांडीवर चढली. ते हात हलवायलाही घाबरत होते.

मी निघालो तेव्हा त्यांनी चोळी माऊपाशी ठेवली आणि करंडी मला दिली. म्हणाले, "हिला आता कुठे जायचं नाही."

कल्याणला आईने दार उघडलं. प्रवास कसा झाला, जावई जेवतात का, काही विचारलं नाही. करंडी माझ्या हातून घेतली. मला वाटलं, आता ही नळावर जाणार, घासून-पुसून उन्हात टाकणार. ती दोन पावलं न्हाणीच्या दिशेने गेलीही. मग थांबली.

"चोळीला वास होता का रे अजून?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"होता," मी म्हणालो.

आईने झाकण उघडलं. आत बांबूच्या काड्या आणि चार राखी केस होते. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली, दोन्ही हातांनी करंडी धरली आणि तोंड आत घातलं.