फॉर्मवरचा वयाचा चौकोन

मी सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांच्या मते मला मुलांमधलं कळतं. कप्पाळ कळतं!

त्या वर्षी नाशिकला मुलींच्या क्रीडा वसतिगृहाची निवड होती. वयाची अट तेरा वर्षांच्या आतली. हरसूलकडच्या एका आश्रमशाळेची मुलगी आठशे मीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकून पहिली आली आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीच्या वडिलांनी लगेच हरकत घेतली. "ही बाराची? अहो, बाई दिसतेय!" असं ते चारचौघांत म्हणाले. पोरगी ऐकत होती.

तिच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडे ज्याची तारीख माहीत नाही त्याला मास्तर एक जून लावून मोकळे होतात. अर्धा तालुका त्याच दिवशी जन्मलेला. त्यामुळे दाखल्यावर कुणाचा विश्वास नाही. मग कागद आला माझ्याकडे: वय सांगा.

तिच्या आश्रमशाळेच्या अधीक्षिका सोबत होत्या. माझी नर्स होती. मुलीला मी सगळं समजावून सांगितलं, मग तपासलं. वयात येण्याचे पाच टप्पे असतात. ती चौथा ओलांडून पाचव्याकडे निघालेली. पाळी येऊन वर्षाहून जास्त झालेलं. उंची आता जवळजवळ थांबलेली. मनगटाचा एक्स-रे काढला, तोही चौदाच्या पुढचा दिसला.

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. हे टप्पे शरीर कुठवर आलंय ते सांगतात, किती वर्षांत आलंय ते नाही. एकीची सुरुवात आठव्या वर्षी होते, एकीची तेराव्या, आणि दोघीही ठणठणीत. ज्यांचं अंग लवकर भरतं त्यांची हाडंही घाई करतात, म्हणून एक्स-रे म्हणजे दुसरा साक्षीदार नव्हेच, तो पहिल्याचाच भाऊ. हे मी दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांना घसा फोडून शिकवते.

पण फॉर्मवर चौकोन एकच होता, बोटभर. "मॅडम, असं 'बारा ते सोळा' नका लिहू, आम्ही काय करायचं त्याचं?" बाहेरून क्रीडा कार्यालयाचे साहेब म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर माझी लेक होती. साडेबाराची, काडीपैलवान, पाळीचा पत्ता नाही. हिच्याशेजारी ती पाळण्यातली वाटली असती. पुस्तक बाजूला राहिलं आणि मी घरच्या मापाने मोजलं. लिहिलं: अंदाजे पंधरा. सही ठोकली.

मुलगी बाद झाली.

दीड महिन्याने अधीक्षिका परत आल्या. पिशवीतून अंगणवाडीची जुनी वही काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरी जन्म, मग दर महिन्याचं वजन, लसी, अंगणवाडीताईची सही. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. बारा वर्षं आणि काही महिने. माझ्या लेकीपेक्षा लहान.

मी वही घेऊन तशीच साहेबांकडे पळाले. चूक माझी आहे, लेखी देते म्हणाले. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, यादी वर गेली. जागा भरली. आणि पुढच्या वर्षी ती खरंच वयात बसणार नाही." त्या चहाचा मला इतका संताप आला! पण संतापायचं कुणावर? सही माझी होती.

रविवारी मी आश्रमशाळेत गेले. पोरं मैदानात होती, ती व्हरांड्यात बसलेली, ओढणी घट्ट गुंडाळून. अधीक्षिका म्हणाल्या, नाशिकहून आल्यापासून धावली नाही. मी तिच्याजवळ बसले आणि सरळ सांगितलं, "बाळा, माझं चुकलं. अंगणवाडीच्या वहीत आहे, तू बाराचीच आहेस. तुझं अंग थोडं लवकर वाढलं, एवढंच. त्यात काही वावगं नाही."

तिने ओढणी अजून आवळून घेतली.

"नाय मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही मशीनमधी बघून लिवलं. वहीवाल्या ताईचंच चुकलं आसंल. म्या उगा लहान पोरींच्यात पळत व्हते. ती पोरगी लय रडली आसंल ना, दुसऱ्या नंबरची?"

मी नाही म्हणाले. तू फसवलं नाहीस म्हणाले. चार-चारदा म्हणाले. तिने मान हलवली, मोठ्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी.