एकट्यालाच सांगितलेलं

माझ्या शिलाईच्या दुकानात ती काज-बटणाला बसते. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. नवरा पलीकडच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून आम्हा सगळ्यांचा तो घड्याळजी. स्थळ बघून, चार ठिकाणी चौकशी करून ठरलेलं लग्न. माणूस सरळ. स्वतःच्याच खोलीत शिरताना दारावर टकटक करतो. ती दमून आली तर ताट वाढून ठेवतो. नाव ठेवायला जागा नाही! पण बोलणं काय, तर गॅस संपला आणि नळ गळतो. त्याची चाहूल लागली की ही पाहुणे आल्यासारखी सावरून बसायची.

मग एका सुट्टीच्या दुपारी तो तिला घड्याळ उघडून आतली चाकं दाखवत बसला. दोघं हसली. तिला धीर आला.

"अहो, एक सांगू? तुम्ही चांगले आहात. पण अजून जवळ यायला जमत नाही मला. हात धरलात तरी अंग आखडतं. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात? होईल सावकाश."

दुसऱ्या दिवशी बाई इतक्या खुशीत की पुरुषाच्या शर्टाला उलट्या बाजूने काज करून मोकळ्या. मी ओरडले नाही.

आठवडाभरात नणंद येऊन टपकली. आईमागे भावाला तिनेच वाढवलेलं. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि सुरू झाली, "अंग आखडतं म्हणे तुझं? अगं, सवय होते सगळ्याची. माझ्या भावात काय खोट आहे?"

तिचे स्वतःचे शब्द, जसेच्या तसे, नणंदेच्या तोंडून. भर बाजारात कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं तसं झालं तिला. घड्याळजी बाहेर मान खाली घालून बसलेला.

नणंद गेल्यावर तिने विचारलं, "ताईंना सांगितलंत?"

"मला काही सुचेना गं. ती मोठी, समजावेल म्हणून... तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही."

"विरुद्ध बोलला असतात तर परवडलं असतं. सुचत नव्हतं तर मलाच म्हणायचंत की, सुचत नाही म्हणून! मी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं."

"चुकलं माझं. ताईला सांगतो, पुन्हा विषय काढू नकोस म्हणून."

म्हणजे पुन्हा ताईच! मला त्या माणसाची इतकी चीड येते. वाईट असता तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

काल त्याने भीत भीत विचारलं म्हणे, "आता जरा बरं वाटतं का माझ्याजवळ?"

"हो, वाटतं की," म्हणत हिने आपणहून हात त्याच्या हातात दिला. अंग जराही आखडू दिलं नाही. बिचारा केवढा खूश झाला.

सुईत दोरा ओवता ओवता हे सांगून ती म्हणाली, "मावशी, आता त्यांना माझं काहीच कळणार नाही."