ताटावरचा हात

पंकजा जामखेड डेपोत कंडक्टर. भरल्या गाडीत दांडगट गड्यांनाही तिकीट काढायला लावणारी ही बाई माहेरच्या पंगतीत मात्र गप्प बसायची. दिवाळीत काकासाहेबांनी, म्हणजे थोरल्या भावानं, "माझ्या गळ्याची शपथ" म्हणत तिला करंज्यांवर करंज्या चारल्या. पुढं रक्तातली साखर तीनशेवर गेली, आणि फोनवर हेच दादा म्हणाले, "तुझा जिभेवर ताबाच न्हाई गं!" तो फोन तिच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला ताट मांडून दाखवलं होतं. अर्ध्यात भाजी न् कोशिंबीर, वाटीभर उसळ, एक ज्वारीची भाकरी. सणावाराला पुरणपोळी खायचीच तर अर्धी, तीही भाकरीच्या जागी. पंकजा ते मनापासून पाळत होती. साखर उतरत होती.

अशात दादांच्या नातवाचं बारसं आलं. नेवाशाला दादांच्या अंगणात पंगत बसली. पंकजानं आधीच दादांच्या बायकोला, सुकन्यावहिनींना सांगून ठेवलं, अर्धी पोळी घेतली, भाकरी टाळली, कोशिंबीर सावकाश चावत बसली. दादा पोळ्यांचं ताट घेऊन आले.

"दादा, बास. झालं माझं."

"एका पोळीनं काय हुतंय? लेकराचं बारसं हाय."

तिनं ताटावर हात आडवा धरला. दादांनी पोळी त्या हातावरच ठेवली आणि हसत हसत वरून तूप सोडलं. गरम तूप बोटांमधून ताटात ओघळलं. पंगत खदखदून हसली.

पंकजाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटक्याचं नव्हतं. तिनं ती पोळी उचलली आणि दादांच्या हातातल्या ताटात परत ठेवली.

"दिवाळीला तुमीच चारलंत, अन् साखर वाढल्यावर तुमीच मला खादाड ठरवलंत. गोळ्या मी गिळते, मुंग्या माझ्या पायाला येतात. माझ्या ताटावर माझा हात असताना तुमी वाढताच कसं? आग्रहच करायचाय ना? मग मटकीच्या उसळीचा करा!"

हसू थांबलं. आत्या पुटपुटली, "नोकरीवाली हाय ना, लई शिंगं फुटली." दादांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या दारात माझा अपमान!" म्हणत ते तरातरा घरात गेले.

सुकन्यावहिनी मात्र मटकीचं पातेलं घेऊन आल्या. "वन्सं, घ्या," म्हणत त्यांनी वाटी काठोकाठ भरली. मग हळूच म्हणाल्या, "माझी बी साखर तपासायची हाय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, थेरं हायेत."

पंकजानं हात पुसला. राग ओसरण्याऐवजी आणखी भडकला. "सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला वहिनी," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुढं दोन महिने दादा बोलले नाहीत. पंकजानंही समजूत काढली नाही. त्या सोमवारी मात्र नेवाशाच्या स्टँडवर वहिनी तिची वाट बघत उभ्या होत्या.