मक्याच्या चार बरण्या

रंगनाथ तांबट शनिवार पेठेजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. घर कसबा पेठेत, तिथून रोज चालत यायचे. मुलं त्यांना मामा म्हणत. मॅट्रिकच्या पुढे शिकले नव्हते, पण एकोणीस वर्षं हिवाळ्यात एक प्रयोग तेच मांडत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

प्रयोग मातीशिवाय झाडं वाढवण्याचा. धुतलेल्या वाळूत मक्याचे दाणे रुजवायचे आणि रोपं दोन पानांची झाली की बुचाच्या भोकात कापसाने धरून चार बरण्यांवर बसवायची. मुळं खाली द्रावणात. आत उजेड गेला तर शेवाळ धरतं, म्हणून बरण्यांना काळा कागद गुंडाळायचा. मुळांना हवा मिळावी म्हणून रोज सकाळी रबरी फुग्याने द्रावणात हवा सोडायची, आणि आठवड्याला द्रावण बदलायचं. पहिल्या बरणीत झाडाला लागणारे सगळे क्षार, दुसरीत नायट्रोजन सोडून बाकी सगळे, तिसरीत फॉस्फरस सोडून, चौथीत पोटॅशियम सोडून. चार मोठ्या बाटल्यांमध्ये ही द्रावणं डिसेंबरातच करून ठेवलेली असत.

१९९८ सालच्या डिसेंबरात मामांचं लक्ष त्या कामात नव्हतं. मुलगा अभिनव याला कॉम्प्युटरच्या कोर्सला घालायचं होतं. तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. अर्ज घ्यायला दुपारच्या आत रांगेत उभं राहायला हवं होतं. मामांनी द्रावणं नीट केली, वजनं चोख घेतली, पण चिठ्ठ्या घाईत डकवल्या. नायट्रोजन नसलेल्या बाटलीवर पोटॅशियमची चिठ्ठी गेली आणि पोटॅशियम नसलेल्या बाटलीवर नायट्रोजनची. पुढे दर आठवड्याला ते चिठ्ठी वाचून ओतत राहिले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना दिसलं. ज्या बरणीवर पोटॅशियम नाही असं लिहिलं होतं, तिथली रोपं फिकी आणि खुजी होती, आणि खालच्या पानांवर टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळा पट्टा आत शिरत होता. कडा अजून हिरव्या होत्या. नायट्रोजन कमी पडला की मका असाच दिसतो. उलट नायट्रोजन नसल्याची चिठ्ठी असलेल्या बरणीत जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपायला लागल्या होत्या आणि मधला भाग हिरवा होता. तिसरी बरणी तेवढी बरोबर होती. तिथली पानं काळपट हिरवी, कडांना जांभळट, वाढ खुरटलेली. फॉस्फरस.

त्यांनी ठरवलं, उद्या सरांना सांगायचं. जीवशास्त्र शिकवणारे लिमये सर दुसऱ्या दिवशी वर्गात आले, चिठ्ठ्या बघितल्या, पानं बघितली नाहीत, आणि टिपा सांगायला लागले. "ही तिन्ही मूलद्रव्यं झाडात एका जागेहून दुसरीकडे जाऊ शकतात. कमतरता आली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून लक्षणं आधी खालच्या पानांवर दिसतात. बरण्या क्रमाने लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं. मग सर म्हणाले, आपल्याकडे हा प्रयोग एवढा चोख होतो तो रंगनाथमामांमुळे. चाळीस मुलं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. मामा हसले. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशीही राहिलं. आणि नंतर जितका उशीर झाला, तितकं ते अवघड होत गेलं.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मामांनी चिठ्ठ्यांवर नंबरचे कागद चिकटवले. कमतरता ओळखा आणि कारण लिहा, असा प्रश्न. बाहेरून आलेले परीक्षक प्राणिशास्त्राचे होते. सरांनी चिठ्ठ्यांवरून केलेला उत्तरांचा कागद हातात धरून ते तपासत होते. मुलांनी दुसरी बरणी नायट्रोजन, चौथी पोटॅशियम, असं पाठ केलेलं उतरवलं. एकीने नाही. भाग्यश्री वानखेडे. तिचे वडील वाशिमकडून कारखान्यात कामाला आले होते आणि दहावीपर्यंत ती गावीच आजोबांकडे, शेतात वाढली होती. तिने पानं हातात घेऊन, उलटून बघितली आणि नेमकं उलट लिहिलं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला विचारलं, टिपा वाचल्या नव्हत्या का.

"वाचल्या सर," ती म्हणाली. "पण चौथ्या बरणीत पिवळेपणा मधल्या शिरेने आत आलाय, कडा हिरव्या आहेत. हे नायट्रोजनचं आहे. दुसरीत कडा करपल्यात."

लिमये सर शेजारीच बसले होते. "आपण पानालाच विचारून आलात वाटतं?" ते म्हणाले. रांगेतली मुलं हसली. मुलीचा चेहरा उतरला. परीक्षकांनी त्या प्रश्नाला शून्य दिलं.

मामा तिच्यापासून चार हातांवर स्लाइड्सचा ट्रे धरून उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन नळ सोडून धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा धुवत बसले.

घरी गोदाबाईंनी विचारलं, परीक्षा नीट झाली ना. ते म्हणाले, झाली. बायकोशी कधी खोटं बोलावं लागलं नव्हतं, ते त्या दिवशी बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी गुणांचं पाकीट लाख लावून बोर्डाकडे गेलं. लाख वितळवायला मेणबत्ती त्यांनीच धरली होती.

जूनमध्ये भाग्यश्री दाखला घ्यायला आली. प्रयोगशाळेची थकबाकी नाही, या कागदावर मामांची सही लागायची. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, पुढे काय. तिने सांगितलं, कॉम्प्युटर. शेतकी कॉलेजचा फॉर्म आणला होता, पण भरला नाही.

"का गं?"

"मला वाटायचं मला झाडं कळतात," ती म्हणाली. "तसं नाहीये."

मामांनी पेन खाली ठेवलं. मग सांगितलं सगळं, चिठ्ठ्या, जानेवारी, सगळं. तू लिहिलंस ते बरोबर होतं, म्हणाले. तिने ऐकून घेतलं. चिडली नाही, आणि तेच त्यांना जड गेलं.

"म्हणजे मी उभी होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने कागद पुढे सरकवला. "सही करता ना मामा?"

त्यांनी सही केली. ती गेली.

त्याच दुपारी ते लिमये सरांकडे गेले. तिला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं. पानं मी बघायला हवी होती, सर म्हणाले, पण आता निकाल लागलाय, हे कुठे काढू नका. मामांनी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून दिला. प्राचार्यांनी तो वाचून फाइलला लावला. पुढे काही झालं नाही. शिक्षा झाली असती तर बरं, असं मामांना वाटत राहिलं.

पुढच्या जानेवारीत बरण्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्या वर्षी त्यांनी चिठ्ठ्या बरण्यांच्या तळाला लावल्या आणि सरांची परवानगी काढून वर्गापुढे उभे राहिले. बोलायची सवय नव्हती. मागच्या वर्षी माझ्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली, म्हणाले, मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. एका मुलीने पान बघून बरोबर सांगितलं, तिला शून्य मिळालं. तुम्ही आधी पान बघा, मग बरणी उचलून चिठ्ठी बघा. मुलं गोंधळून ऐकत होती. एक जण हसला, बाकीचे नाही. मामांचे कान तापले होते, पण त्यांनी तिचं नावही सांगितलं.

निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अजून अकरा वर्षं, दर जानेवारीत त्यांनी हे सांगितलं. सवयीने ते सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही. भाग्यश्री हिंजवडीला एका कंपनीत लागल्याचं कोणाकडून तरी कळलं. बरं चाललंय म्हणे तिचं. सांगणाऱ्याला वाटलं होतं की मामांना आनंद होईल. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.