नदीमच्या जागी कोण

"बर्फाला घाई चालत न्हाय." चांगदेव हे लग्नाच्या बोलण्यांत म्हणायचा, एसटी चुकली तरी म्हणायचा. आमच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात त्याची बावीस वर्षं गेलेली. पाण्याने भरलेला पत्र्याचा डबा गार मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवला की लादी धरते. आधी उचलली तर कडा घट्ट दिसतात, पोटात मात्र पाणी.

चांगदेव लाद्या काढायचा आणि नदीम कंप्रेसर सांभाळायचा. नदीमला यंत्राचा आवाज कळायचा. चहा पिता पिता कान टवकारून तो उठायचा, झडप थोडी फिरवायचा आणि परत येऊन म्हणायचा, "आता नीट श्वास घेतेय." दहा वर्षं आमच्या होड्या त्याच्या कानावर चालल्या.

त्याला न्हावा शेव्याला नोकरी लागली. थंड मालाचे कंटेनर येतात, त्यांचं तापमान बघायचं, बिघडले तर दुरुस्त करायचे. पगार दुपटीला टेकलेला, आठवड्याची सुट्टी. अशीच नोकरी मागच्या वर्षीही आली होती. तेव्हा चांगदेव त्याला म्हणाला होता, "तू गेलास तर मी एकटा काय करू रे?" आणि नदीम राहिला होता. त्या वाक्याचा काटा चांगदेवाला वर्षभर टोचत होता. सोमवारी नदीमला हजर व्हायचं होतं आणि त्याच्या जागी शेठनी अजून कुणाला ठेवलं नव्हतं.

कारखान्याच्या व्हॉट्सॅप गटावर फुलांची चित्रं पडू लागली. "ऑल द बेस्ट भाई", "उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा". शेठ म्हणाले, "चांगदेव, तू सगळ्यांत जुना. निरोपाचं तू लिही."

त्याने लादीच्या पावतीमागे लिहिलं आणि ऑफिसातल्या नूतनला टाइप करायला दिलं. तिने वाचलं. "काका, हा निरोप हाय की तक्रार अर्ज? 'आमचं काय होणार', 'तुझ्याशिवाय कारखाना बसला'... हे वाचून तो बॅग उघडून बसेल. पोटात पाणी हाय अजून."

चांगदेव चिडला. "मग खोटं लिहू? फुलं टाकू?"

"खरं लिवा. पण त्याच्या डोक्यावर ठेवू नका."

चिडतच त्याने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी दुसरा आणला. कारखाना बंद पडायचं सगळं काढून टाकून त्याने नदीमची एकच गोष्ट लिहिली होती. नूतनने तो गटावर टाकला. आम्ही होडीवाल्यांनीही वाचला:

"नदीम, गणपतीच्या आदल्या रात्री वीज गेली तेव्हा तू घरी जेवत होतास. हात न धुता आलास, जनरेटरवर कंप्रेसर चालू ठेवलास. पहाटे आठ होड्यांना बर्फ मिळाला. अशा माणसाला चांगली नोकरी लागली याचा मला आनंद आहे, आणि मी तो मनापासून सांगतो. तुझी उणीव पडणार, हेही खरं. कंप्रेसरचा आवाज मला तुझ्यासारखा कळत नाही. पण ती जागा भरणं आमच्या शेठचं काम आहे, तुझं नाही. मागच्या वर्षी मी तुला अडवलं, ती चूक माझी. सोमवारी जा. मागे वळून फोन करायचा तर खुशाली विचारायला कर."

दहा मिनिटांत हा निरोप गटावरून गायब झाला. शेठनी काढून टाकला होता. वर त्यांचा स्वतःचा आला: "नदीमला शुभेच्छा. कामात काहीही फरक पडणार नाही."

चांगदेव तडक ऑफिसात गेला. "फरक पडत न्हाय तर दहा वर्षं तो इथं काय करत व्हता, शेठ?"

"अरे, गटावर गिऱ्हाईकं आहेत. घाबरून दुसरीकडे बर्फ भरतील."

"त्यापेक्षा माणूस ठेवा. मग कुणी घाबरणार न्हाय."

"बघू." शेठनी फोन कानाला लावला. हे 'बघू' चांगदेव बावीस वर्षं ऐकत होता.

रविवारी नदीम सहा आसनी रिक्षात बॅग ठेवत होता. त्याचा चेहरा पडलेला. "दादा, तुझं वाचायच्या आधीच उडालं. नूतन म्हणाली, छान होतं. आणि सोमवारी यंत्र कोण बघणार? मी एक आठवडा थांबू का?"

चांगदेवाने खिशातून, मागे तोच निरोप लिहिलेली, घडी केलेली पावती काढून त्याच्या हातात ठेवली. नदीमने उभ्या उभ्या वाचलं, दुसऱ्यांदाही वाचलं.

"थांबू का न्हाय?"

"लिहिलंय ना? वाचता येतं ना तुला?" चांगदेव रागावूनच बोलला, पण हात त्याच्या खांद्यावर होता. "चल, निघ. कंप्रेसरचं शेठ बघतील. न्हाय बघितलं तर मी त्यांच्या दारात बसतो. तुझा संबंध न्हाय."

नदीमने घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि बसला.

तेवढ्यात कारखान्यातून खडखड आली. चांगदेवाने मान वर केली, काहीतरी पुटपुटला आणि वळून चालू लागला, ओल्या लुंगीचा सोगा हातात धरून, न धावता, कोणता आवाज आहे ते ओळखायचा प्रयत्न करत. मी होडीत टोपल्या लावत होतो, तिथून बघत राहिलो. रिक्षा सुटली तरी नदीमही मागून वाकून त्याच्या पाठीकडेच बघत होता. उतरला मात्र नाही.