पोस्टाच्या पासबुकातले चार आणे

चूक माझी असेल तर मी मान्य करते. पण कुणी म्हणतंय म्हणून करत नाही. या स्वभावापायी मी पुष्कळ काही गमावलं, आणि एक पासबुक राखलं.

मी जुन्नरच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. राहायला दिराच्या घरी. दिरांचं पेठेत दुकान होतं आणि थोडी देवघेवही. पगारातले दोन, तीन, कधी पाच रुपये मी पोस्टात टाकत गेले आणि प्रत्येक रक्कम माझ्या वहीत मांडत गेले. शंभर पुरे झाल्यावर वर्षभर भर टाकता आली नाही, पण एक पैसाही काढला नाही.

पाडवा झाल्यावर पासबुक व्याज चढून परत आलं. त्यात एकशे तीन रुपये. माझ्या वहीत एकशे तीन रुपये चार आणे.

दिरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि हसले. "सरकारचं चुकत न्हाई, वहिनी. तुमाला हिशेब झेपायचा न्हाई. समदी रक्कम काढा न् दुकानात ठेवा. मी बघतो."

दुकानात ठेवलेला पैसा परत कसा मागायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणजे मागायचाच नाही. मी बोलून बसले, "उद्या संध्याकाळपर्यंत चार आणे सापडले नाहीत, तर सगळे तुमचे. सापडले, तर पुन्हा विषय नाही." ते शंभर रुपये म्हणजे उद्या कुणी घराबाहेर काढलं तर मला उभं राहायला असलेली जागा होती.

रात्रीत नाही, दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बसले. पासबुकातल्या एकेका भरण्यापुढे वहीतला भरणा शोधायचा आणि दोन्हीकडे टिंब द्यायचं. पहिल्या पानापासून सगळे भरणे जुळले, मागची व्याजंही जुळली. बिनटिंबाचं उरलं ते फक्त शेवटचं व्याज. तशीच पोस्टात गेले आणि पोस्टमास्तरांना जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "तुमच्याकडे व्याज कमी लावलंय."

ते शांत माणूस. म्हणाले, "बाई, सालाचे शेकडा तीन. बारा महिन्यांचे तीन, म्हणजे महिन्याला चार आणे. तुमी किती महिने धरलेत?"

मी वही उघडली. चैत्र, वैशाख असे महिने लिहून प्रत्येकापुढे चार आणे मांडले होते. बोट ठेवत मोजले. तेरा. त्या साली अधिक श्रावण आला होता. दिरांच्या दुकानातल्या वहीत अधिकाचंही व्याज धरतात, तिथं बघून मी हे शिकले. सालाचा दर बारानं भागायचा आणि महिने मात्र तेरा मोजायचे!

चूक माझी होती. ती गिळून "पोस्टाची चूक निघाली" म्हणता आलं असतं. दिरांनी कुठं तपासलं असतं?

दुकानात गेले तेव्हा कागदी मोहल्ल्यातले हातकागद बनवणारे एक म्हातारे कागदवाले समोर बसले होते. त्यांनी दिरांकडून शंभर रुपये घेतले होते आणि सालाचं व्याज चुकतं करून नुकतेच पाणी पीत होते. मी त्यांच्यासमोरच वही ठेवली. "भावजी, चार आणे सापडले. मी चुकले. अधिक महिना धरला. सालाच्या दरात तो बसत नाही."

"म्हंजे तुमचीच चूक व्हती की," दीर खुशीत म्हणाले.

"माझीच. तुमच्या वहीतनं उचललेली."

कागदवाल्यांनी तांब्या खाली ठेवला. "भाऊ, माझ्या दस्तात काय लिवलंय? सालाचे बारा, का म्हैन्याला रुपया?"

दुकानातली वही बघताना तो दस्त मी वाचला होता. सालाला शेकडा बारा, असंच लिहिलं होतं.

"मग म्या आत्ता तेरा का दिले?"

"देवघेवीत बायकांनी पडू नये," दीर माझ्याकडे बघत म्हणाले.

"मी पडले नाही. मी माझे चार आणे कमी केले," मी म्हटलं आणि त्यांच्याच टाकानं माझ्या वहीतली अधिकाची ओळ खोडली. खाली एकशे तीन लिहून सही केली.

दिरांनी एक रुपया गादीवर टाकला. म्हाताऱ्यांनी तो उचलून कनवटीला लावला आणि मला म्हणाले, "बाई, माझे मागल्या येळचे दस्त बी जरा वाचता का?"

मी दिरांच्या देखत हो म्हटलं.