अंजनाबाईंचा उजवा हात

वाशीमजवळच्या मळ्यात मेथी, पालक, वांगी काढून ती बाजारात नेणाऱ्या बायांमध्ये अंजनाबाई उमाळे यांच्या हाताला वेग होता. मेथीची जुडी बांधताना त्यांची बोटं दिसायची नाहीत, असं बाजारातल्या बाया सांगतात. नवरा पुंजाजी पाणी, फवारणी पाहायचा आणि निंदण, खुडणी, जुड्या, विक्री हे सगळं अंजनाबाईंकडे.

एका पहाटे भाजीचे गठ्ठे घेऊन त्या ऑटोतून बाजाराकडे निघाल्या होत्या. समोरून आलेल्या मालवाहू गाडीनं ऑटोला उजव्या बाजूनं धडक दिली. अंजनाबाईंच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाडाला लागून जाणारी नसही दुखावली, त्यामुळे मनगट खाली लोंबायला लागलं. डॉ. नवीन बाहेती यांच्या हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. हाड जुळलं. मनगट मात्र पूर्ण वर यायला तयार नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक विचित्र भीती राहायला आली. डॉक्टर दर वेळी मनगट उचलायला सांगायचे. थोडं उचललं गेलं की अंजनाबाईंना आनंद व्हायचा आणि लगेच काळजीही वाटायची. मोटार अपघाताच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला होता. हात बरा होतोय म्हटलं तर दावा पडायचा, आणि बरा होत नाही म्हटलं तर हातच गेला.

शेजारच्या एका माणसानं सल्लाही दिला, "तपासणीच्या दिवशी हात एकदम ढिला सोडजा. डॉक्टरले काय समजते?"

पुंजाजीला तो पटलाही असता. अंजनाबाईच म्हणाल्या, "अन् मग खरंच ढिला पडला तं? मले तसं नाई करायचं."

डॉक्टरांनी कोनमापक लावून मनगट मोजलं, पकड तपासली, सुईनं टोचून कुठे बधिर आहे ते पाहिलं. मग म्हणाले, "आता यापुढे मोठी सुधारणा होईल असं वाटत नाही. हे कायमचं आहे, असं लिहावं लागेल."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याच दिवशी अहवाल टाइप होऊन मिळाला. कोणत्या जखमा, कोणतं ऑपरेशन, आता काय उरलंय, आणि शेवटी त्या हाताचं चाळीस टक्के कायमचं अपंगत्व. अहवाल इंग्रजीत होता. पुंजाजीनं आकडा तेवढा ओळखला आणि अहवाल वकील योगिनी देशमुख यांच्याकडे नेऊन दिला. त्यांनी बाकीच्या कागदांबरोबर तो कोर्टात दाखल केला. एक प्रत धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीच्या वकिलांनाही गेली.

डॉक्टरांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी योगिनीताईंचा फोन आला. "दोघंही लगेच ऑफिसात या."

योगिनीताई अहवालावर बोट ठेवून बसल्या होत्या. "वरती जखमेच्या ठिकाणी उजवा हात लिहिलाय. खाली टक्केवारीच्या ओळीत मात्र डावा हात. माझ्याही नजरेतून सुटलं हे."

पुंजाजी उभाच राहिला. "आता कसं होईन ताई? नवा कागद आणू का?"

"कागद बदलता येणार नाही, तो कोर्टात आहे. डॉक्टरांनीच साक्षीत उभं राहून चूक सांगायची, एक्स-रे आणि तपासणीची मूळ नोंद दाखवायची. ते आले नाहीत, तर हा अहवाल सिद्धच होणार नाही."

"अन् ते आले अन् मनले, मी लिवलं तेच बराबर, तं?" अंजनाबाईंनी विचारलं.

योगिनीताईंनी डॉक्टरांना फोन लावला. फोन कंपाउंडरनं उचलला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, निरोप देतो, म्हणाला.

त्या रात्री अंजनाबाईंनी जेवण नुसतं चिवडलं. पुंजाजी एवढंच म्हणाला, "तुयी चूक नाई ना त्याच्यात."

"चूक कोनाचीबी असो, हात तं मायाच हाय."

दुसऱ्या दिवशी कोर्टात दुपारचा पुकारा झाला तरी डॉक्टर नव्हते. विमा कंपनीचे वकील उठून म्हणाले, "साक्षीदार हजर नाही, पुरावा बंद करावा." योगिनीताईंनी थोडा वेळ मागितला. न्यायाधीशांनी दुसरी प्रकरणं घेतली. अंजनाबाई व्हरांड्याच्या बाकावर बसून जिन्याकडे पाहत होत्या. येणारा प्रत्येक पांढरा शर्ट डॉक्टरांचा वाटायचा.

शेवटी ते आले, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन. अंजनाबाईंजवळ थांबून हळूच म्हणाले, "निरोप मिळाला. टाइप झालेलं नीट न वाचताच मी सही केली."

पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी तेच सांगितलं. एक्स-रेवर उजव्या बाजूची खूण होती, तपासणीच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात 'उजवा' होता. मग विमा कंपनीचे वकील उठले.

"डॉक्टर, चूक तुम्हाला कधी कळली?"

"काल."

"म्हणजे दावेदाराच्या वकिलांनी सांगितल्यावर?"

"हो. त्यांनी चूक दाखवली. मी नोंद पाहिली आणि चूक खरंच झालेली होती."

"एक ओळ न वाचता सही करणारा डॉक्टर चाळीस टक्के तरी नीट मोजतो का?"

डॉक्टरांनी कागद पुढे केला. "मोजणी माझ्या हाताची आहे, टाइप दुसऱ्याचं. हे कोन, ही पकड. पुन्हा मोजून पाहा."

"हे चाळीस टक्के त्या हाताचे. पूर्ण शरीराचे किती?"

"साधारण तेरा."

आता भरपाई तेवढीच कमी होणार म्हणून वकील समाधानानं खाली बसायला लागले. योगिनीताईंनी परवानगी घेऊन एकच प्रश्न विचारला. "बाई भाजी काढतात, जुड्या बांधतात. या हातानं ते काम होईल?"

"आधीसारखं नाही. मनगट वर येत नाही, त्यामुळे मूठ आवळली तरी जोर राहत नाही. उचलायचं, ओढायचं, गाठ मारायचं काम अवघड आहे. आणि हे कायमचं आहे."

दुसऱ्यांदा तो शब्द ऐकून अंजनाबाईंना दवाखान्यातल्यासारखंच झालं. दावा सावरत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, पाणी हवंय?"

"नाई साहेब," त्या म्हणाल्या. "डाक्टर साहेब खरं बोलून राह्यले. तेच आयकाले जड जाते."

निकाल पुढे काही महिन्यांनी लागला. टाइपाची चूक कोर्टानं चूकच मानली. तेरा टक्क्यांवरही ते थांबलं नाही. या बाईची कमाई तिच्या उजव्या हातावर होती, म्हणून कमाईचं नुकसान तीस टक्के धरावं, असं निकालात लिहिलं होतं. योगिनीताईंनी मराठीत समजावून सांगितलं तेव्हा पुंजाजीनं दोन्ही हात जोडले.

घरी येताना तो खुशीत होता. अंजनाबाई मान खाली घालून चालत होत्या.

"आता काहून तोंड पाडून बसली?" त्यानं विचारलं. "जिंकलो ना आपन."

"जिंकलो खरे," त्या म्हणाल्या. "आजवर मले वाटे, डाक्टरचं चुकलं असन, येक दिवस हात उचलनच. आता कोरटानंबी लिवून देलं."

मळ्याच्या वळणावर पुंजाजी थांबला, त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडे घेतली. मळ्यात सुनेनं मेथी उपटून ढीग लावून ठेवला होता. तिच्या जुड्या सैल बसत होत्या. अंजनाबाई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "देठ येका लायनीत घे. पीळ दे, मग दाब. तशी नाई, मी सांगतो तशी."